शेवटचे आठ आटे

टेकडीवरच्या साठवण टाकीतून शहरातल्या टाकीपर्यंत पाणी उताराने आणणारी एक जलवाहिनी डोळ्यांसमोर आणा. लांबी ३ किलोमीटर, पोलादी पाइप, व्यास ५०० मिलिमीटर, भिंतीची जाडी ६ मिलिमीटर. पाणी सेकंदाला दीड मीटर वेगाने वाहतं आहे, म्हणजे दिवसाला सुमारे २५ दशलक्ष लिटर, एखाद्या मध्यम शहराच्या गरजेइतकं. खालच्या टोकाला, टाकीच्या पायथ्याशी एक स्लूस व्हॉल्व्ह आहे. वरच्या टाकीतली पाण्याची पातळी या व्हॉल्व्हपेक्षा ४५ मीटर उंच, तर खालच्या टाकीतली ३२ मीटर उंच. मधले १३ मीटर वाटेतल्या घर्षणात खर्च होतात. व्हॉल्व्हपाशी चालू स्थितीत साधारण ३२ मीटरचा दाब असतो, त्यामुळे दहा किलो दाबाला तपासलेले सांधे आणि व्हॉल्व्ह इथे निर्धास्त वाटतात. (दर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब म्हणजे पाण्याचा दहा मीटर उंच स्तंभ.)

दीड मीटरचा वेग फार नाही, माणूस भरभर चालतो तेवढाच. पण त्या वेगाने चालणारं पाणी आहे ५८९ टन, आणि ते एकाच दिशेने, एकाच नळीत, मध्ये कुठेही खंड न पडता सरकत असतं. व्हॉल्व्ह झटक्यात बंद झाला तर या ५८९ टनांचं काय होतं, हे समजलं की जलाघात समजतो. आपल्याकडे पाणीपुरवठ्याची माणसं त्याला वॉटर हॅमरच म्हणतात.

व्हॉल्व्ह बंद झाला म्हणून सगळं पाणी एकाच क्षणी थांबत नाही. आधी व्हॉल्व्हला टेकलेला पातळ थर थांबतो. त्याच्या मागचं पाणी अजून पुढे येत असतं, ते या थांबलेल्या थरावर दाबलं जातं आणि थांबतं. मग त्याच्या मागचं. अशी थांबण्याची एक सीमारेषा व्हॉल्व्हकडून टेकडीच्या दिशेने धावत सुटते. तिच्या खालच्या बाजूला पाणी स्थिर आणि प्रचंड दाबाखाली असतं. वरच्या बाजूला मात्र काहीच घडलेलं नसतं, तिथलं पाणी निवांत दीड मीटरच्या वेगाने येत असतं. ही सीमारेषा म्हणजे दाबाची लाट, आणि ती आवाजाच्याच जातीची असल्यामुळे पाण्यातल्या आवाजाच्या वेगाने जाते.

मोकळ्या पाण्यात हा वेग सेकंदाला जवळपास १४८० मीटर असतो. पाइपमध्ये तो कमी होतो, कारण दाब वाढला की पाइपही फुगतो आणि त्या फुगण्यात दाब थोडा मुरतो. पाइपचा व्यास भिंतीच्या जाडीच्या किती पट आहे आणि त्याचा माल किती ताठ आहे, यावर वेगातली घट ठरते. डच शास्त्रज्ञ कोर्टेवेग यांनी १८७८ साली हा हिशेब मांडला. आपल्या पाइपसाठी तो केला तर वेग येतो सुमारे १०७० मीटर.

या लाटेने दाब किती वाढतो, हे काढण्याचं सूत्र फार साधं आहे:

ΔH = c × ΔV / g

लाटेचा वेग c, पाण्याचा अचानक कमी झालेला वेग ΔV, आणि गुरुत्वाकर्षणाचा ९.८१ हा आकडा g. उत्तर मिळतं ते पाण्याच्या स्तंभाच्या मीटरमध्ये. आपल्या बाबतीत १०७० गुणिले १.५ भागिले ९.८१, म्हणजे १६४ मीटर. मूळचे ३२ त्यात मिळवले की व्हॉल्व्हपाशी १९६ मीटर, जवळपास २० किलो दाब होतो. बंद व्हॉल्व्हच्या पात्यावर चालू स्थितीच्या दाबाने सव्वासहा टन जोर आला असता, तिथे आता साडेअडतीस टन येतात. पोलादी नळी हा दाब सहज पेलते, तिच्यासाठी तो काही फार नाही. तुटतं ते तिच्या आजूबाजूचं: व्हॉल्व्हचं बीड, फ्लँजची गास्केट, वळणावरचा काँक्रीटचा थ्रस्ट ब्लॉक, रबरी रिंगचा सांधा.

या सूत्रात पाइपची लांबी नाही, हे मुद्दाम पाहा. खरोखर एका क्षणात बंद झालेल्या व्हॉल्व्हपाशी तीन किलोमीटरच्या पाइपमध्ये जेवढा दाब चढतो, तेवढाच तीनशे मीटरच्या पाइपमध्येही चढतो. लांबी येते ती वेळेच्या हिशेबात, आणि सगळी गोम तिथेच आहे.

हे सूत्र रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांच्या नावाने ओळखलं जातं. विमानाच्या पंखाला उचल कशी मिळते याच्या सिद्धांतात ज्यांचं नाव येतं तेच हे गृहस्थ. मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यातल्या पाइपफुटीचं कारण शोधण्यासाठी त्यांनी १८९७-९८ मध्ये तिथल्या जलकेंद्रावर लांब नळ टाकून प्रयोग केले. त्याआधी १८८३ मध्ये जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस फोन क्रीस यांनी हेच नातं मांडलं होतं. ते पाइपफुटीचा नव्हे, माणसाच्या नाडीचा अभ्यास करत होते आणि रबरी नळ्यांत पाण्याच्या लाटा मोजत होते. रोहिणीतून धावणारा नाडीचा ठोका आणि जलवाहिनीतला जलाघात यांचं गणित एकच आहे.

आता लाट टेकडीवर पोहोचू द्या. ३००० मीटरला तिला २.८ सेकंद लागतात. या २.८ सेकंदांत खालचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद असूनही वरच्या टाकीतून पाइपमध्ये तब्बल ८२५ लिटर पाणी शिरलेलं असतं. ते मावलं कुठे? सुमारे ४३० लिटरची जागा पाणी दबल्यामुळे झाली आणि उरलेली पाइप फुगल्यामुळे. पाइपचा व्यास जेमतेम ०.१७ मिलिमीटरने वाढलेला असतो. पाणी दाबलं जात नाही असं शाळेत शिकलेल्याला हे खटकेल, पण लांब पाइपमध्ये ही एवढीशी लवचीकताच सगळं ठरवते.

या क्षणी सगळं पाणी थांबलेलं आहे, आणि सगळं १६४ मीटरच्या जादा दाबाखाली आहे. वरच्या टाकीत मात्र तो जादा दाब नाही. म्हणून पाणी उलटं फिरतं आणि टाकीत परत जाऊ लागतं. दाब सोडवणारी लाट खाली यायला निघते. व्हॉल्व्ह बंद झाल्यापासून ५.६ सेकंदांनी ती व्हॉल्व्हला भिडते, तेव्हा पाइपभर दाब उतरून वरच्या टाकीच्या ४५ मीटर पातळीइतका झालेला असतो, पण पाणी दीड मीटर वेगाने टेकडीच्या दिशेने चाललेलं असतं. व्हॉल्व्ह बंद असल्याने मागून भर घालणारं कोणी नाही. त्यामुळे आधी जेवढा दाब चढला तेवढाच तो आता उतरू पाहतो.

४५ मधून १६४ वजा केले तर उणे ११९ मीटर येतात, आणि निसर्गात ते शक्य नाही. वातावरणाच्या दाबाखाली साधारण दहा मीटर गेलं की थंड पाणीही उकळतं. व्हॉल्व्हपाशी वाफेची पोकळी तयार होते आणि पाण्याचा स्तंभ तुटतो. उरलेल्या वेगाने पाणी व्हॉल्व्हपासून दूर सरकतं, मंदावतं, वरच्या टाकीच्या दाबाने पुन्हा खाली येतं आणि पोकळी मिटवत व्हॉल्व्हवर येऊन आदळतं. पोकळी मिटतानाचा हा धक्का आधी परतणाऱ्या लाटांशी जुळून आला तर पहिल्या धक्क्यापेक्षाही मोठा असू शकतो. पहिला धक्का सोसलेला सांधा दुसऱ्या वेळी उखडतो तो यामुळे.

उणे दाबाचा हा टप्पा फुटीपेक्षा कमी गाजतो, पण माझ्या मते जास्त काळजीचा आहे. ज्या वाहिनीला बारीक गळत्या आहेत तिच्यात त्या काही सेकंदांत आजूबाजूच्या मातीतलं पाणी आत ओढलं जातं. शेजारून गटार जात असेल तर तेही. शिवाय मोठ्या व्यासाच्या आणि पातळ भिंतीच्या पोलादी पाइपला आतून निर्वात झालं तर बाहेरची हवाच चेपून टाकते. आपला ५०० मिलिमीटरचा पाइप त्यातून वाचतो, कारण व्यास जाडीच्या ८३ पटच आहे. हे प्रमाण दीडशेच्या पुढे गेलं की चेपण्याचा धोका खरा होतो.

जपानमधल्या ओइगावा वीजकेंद्रात १९५० साली या दोन्ही गोष्टी एकाच अपघातात दिसल्या. देखभालीचं काम चालू असताना व्हॉल्व्ह नियंत्रित करणाऱ्या यंत्रणेतलं तेल चुकून निघून गेलं आणि मोठा व्हॉल्व्ह फार वेगाने मिटला. खालच्या भागातला पाइप उभा चिरला गेला. त्या चिरेतून पाणी धडाधड बाहेर पडल्याने वरच्या पाइपमध्ये निर्वात पोकळी झाली, आणि तिथला मोठा भाग बाहेरून चेपला गेला. तीन माणसं मरण पावली. एकाच वाहिनीचं एक टोक फाटलेलं आणि दुसरं दबलेलं, हे जलाघाताचं पूर्ण चित्र आहे.

आता वेळेकडे येऊ. लाट टेकडीवर जाऊन परत यायला ५.६ सेकंद लागतात. त्याआधी व्हॉल्व्ह बंद झाला तर व्हॉल्व्हपाशी पूर्ण १६४ मीटरचा धक्का बसतो, मग बंद व्हायला अर्धा सेकंद लागला असो वा पाच. दाब सोडवणारी लाट मदतीला यायच्या आतच काम झालेलं असतं. ५.६ सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेतला तर परत येणारी लाट चढणाऱ्या दाबातला काही भाग खाऊन टाकते. प्रवाह एकसारखा कमी होत गेला असं धरलं, तर अंदाजासाठी एक जुना नियम वापरतात: पाइपच्या लांबीची दुप्पट गुणिले वेग, भागिले गुरुत्वाकर्षण गुणिले बंद करायचा वेळ. एका मिनिटात बंद केला तर ६००० गुणिले १.५ भागिले ९.८१ गुणिले ६०, म्हणजे फक्त १५ मीटर. यात लाटेचा वेग कुठेच नाही, म्हणून सावकाश बंद करताना पाइप पोलादी आहे की प्लास्टिकचा याने फरक पडत नाही.

हा नियम वाचून कुणालाही वाटेल की व्हॉल्व्हला मोटर लावा, ४० सेकंदांत बंद होईल अशी बसवा, काम झालं. ४० सेकंद म्हणजे लाटेच्या फेरीच्या सातपट वेळ. नियमाप्रमाणे २३ मीटरच दाब वाढायला हवा. प्रत्यक्षात मात्र धक्का बसतो तो शंभर मीटरच्या वर. कारण नियमात 'एकसारखा कमी होत गेला' ही अट आहे आणि व्हॉल्व्ह ती पाळत नाही.

स्लूस व्हॉल्व्हचं पातं वरून खाली सरकतं. ते अर्ध्यावर आलं की निम्मं पाणी अडलं असं वाटतं, पण आपली वाहिनी लांब आहे आणि पाण्याचा वेग ठरवतं ते ३ किलोमीटरचं घर्षण. त्यापुढे अर्ध्या मिटलेल्या व्हॉल्व्हचा अडथळा नगण्य असतो. एकोणिसाव्या शतकात जर्मन अभियंते युलियस वाइसबाख यांनी अशा व्हॉल्व्हचा अडथळा वेगवेगळ्या उघडझापीला मोजून ठेवला आहे. आपल्या वाहिनीचं घर्षण त्याच मापात सुमारे १०८ येतं. व्हॉल्व्ह अर्धा मिटला तर त्याचा अडथळा २, पाऊण मिटला तर १७, आणि आठातले सात भाग मिटला तर ९८. यावरून प्रवाह काढला तर व्हॉल्व्ह अर्धा मिटल्यावर ९९ टक्के पाणी चालूच असतं, पाऊण मिटल्यावर ९३ टक्के, आणि शेवटचा आठवा भाग उरला असतानाही ७२ टक्के.

समजा हा व्हॉल्व्ह पूर्ण बंद व्हायला ६४ आटे लागतात. पहिल्या ५६ आट्यांत जेमतेम २८ टक्के पाणी थांबलं. बाकीचे ७२ टक्के शेवटच्या ८ आट्यांत थांबतात. मोटर ४० सेकंदांत ६४ आटे फिरवते, म्हणजे शेवटचे आठ आटे ५ सेकंदांत. ही वेळ ५.६ पेक्षा कमी आहे. घड्याळात ४० सेकंद झाले असले, तरी पाण्याच्या दृष्टीने व्हॉल्व्ह पाच सेकंदांतच बंद झाला, आणि सेकंदाला १.०९ मीटरचा वेग एकदम तुटला. सूत्र लावा: ११९ मीटर. खरा आकडा थोडा जास्तच असेल, कारण ५८९ टन पाणी त्या ३५ सेकंदांत आपला वेग ७२ टक्क्यांवर आणायलाही वेळ घेतं.

म्हणून बंद करण्याचा वेळ पूर्ण फेरीत सारखा वाटण्यापेक्षा शेवटाला द्यायचा. पहिले ५६ आटे हवे तर अर्ध्या मिनिटात घ्या, शेवटचे आठ मात्र निदान एक-दोन मिनिटांत. एका मिनिटात घेतले तर १.०९ मीटर वेगाचा हिशेब ११ मीटरवर येतो. शेवटच्या एक-दोन आट्यांत प्रवाह सर्वांत झपाट्याने तुटतो म्हणून प्रत्यक्षात याच्या दुप्पट धरावं, तरीही ते सुखाचं आहे. मोटरचा व्हॉल्व्ह असेल तर नियंत्रकात दोन टप्प्यांची गती भरता येते. हाताने टी-चावी फिरवायची असेल तर शेवटच्या आठांतला प्रत्येक आटा झाल्यावर सहा-सात सेकंद थांबणं पुरतं. तेवढ्यात लाट टेकडीवर जाऊन परत आलेली असते. बरीच वर्षं काम केलेले व्हॉल्व्हमन हे आकडे न मांडताही असंच करतात. नवीन माणसाला मात्र ते सांगावं लागतं, आणि सांगताना 'हळू बंद कर' एवढं पुरेसं नसतं. कुठून पुढे हळू, ते सांगायला हवं.

मोठ्या व्हॉल्व्हला वळसा घालून जोडलेली लहान बायपास नळी याच कामाला येते. १५० मिलिमीटरचा बायपास उघडा ठेवून मोठा व्हॉल्व्ह मिटवला, तर त्याच्या शेवटच्या आठव्या भागात ७२ टक्क्यांऐवजी साधारण ४० टक्केच प्रवाह तुटतो. उरलेला प्रवाह बायपासच्या लहान व्हॉल्व्हने सावकाश थांबवायचा. बायपास मुळातच वाहिनीच्या घर्षणापेक्षा मोठा अडथळा असल्याने त्याचा व्हॉल्व्ह बऱ्याच जास्त आट्यांवर प्रवाहाला ताब्यात ठेवतो. मोठा व्हॉल्व्ह बसवताना पैसे वाचवायला बायपास गाळला जातो, ही वाईट काटकसर आहे.

प्लास्टिकच्या पाइपबद्दल एक गैरसमज इथे दूर केला पाहिजे. एचडीपीई पाइप लवचीक असतो. भिंत व्यासाच्या सतराव्या हिश्शाएवढी असेल तर त्यात लाटेचा वेग सेकंदाला सुमारे २४० मीटरच येतो, आणि तोच झटका १६४ ऐवजी ३७ मीटरचा होतो. ही जमेची बाजू. पण लाट हळू चालते म्हणून तिची फेरी ५.६ ऐवजी २५ सेकंदांची होते. पोलादी पाइपमध्ये जे १५ सेकंद 'सावकाश' होते ते इथे 'अचानक' ठरतात. शिवाय प्लास्टिकला वारंवार बसणारे मध्यम धक्केही थकवतात.

व्हॉल्व्ह कुणी कसाही बंद केला तरी वाहिनी वाचली पाहिजे, अशी गरज असेल तर लाटेला वाटेतच मोकळी जागा द्यावी लागते. जलविद्युत केंद्रात टर्बाइनचा प्रवाह काही सेकंदांत तोडावा लागतो, तिथे सर्ज टँक म्हणजे वर उघडी उभी विहीर असते. कोयनेच्या पाणबोगद्यालाही ती आहे. लाट तिच्यापर्यंत येते, विहिरीतलं पाणी वर चढतं, आणि लांब बोगदा धक्क्यातून सुटतो. शहरी वाहिनीवर एवढी उंच विहीर परवडत नाही, म्हणून बंद पोलादी टाकी बसवतात. तिच्यात खाली पाणी आणि वर दाबलेली हवा असते. जादा पाणी तिच्यात शिरून हवा दाबतं आणि दाब उतरला की तेच पाणी परत येतं, त्यामुळे उणे दाबही टळतो. अट एवढीच की ती धक्का जिथे जन्मतो तिथे, व्हॉल्व्हजवळ असली पाहिजे, आणि हवेवर लक्ष ठेवलं पाहिजे. हवा हळूहळू पाण्यात विरघळते. काही महिने कुणी पाहिलं नाही, तर टाकी पाण्याने भरून जाते आणि बाहेरून तशीच दिसत राहते, पण उपयोग शून्य.

दाब वाढला की आपोआप उघडणारा रिलीफ व्हॉल्व्ह स्वस्त पडतो. तो चढत्या दाबावर उपाय आहे, उतरत्या दाबावर नाही. पोकळीसाठी उंचवट्यांवर एअर व्हॉल्व्ह लागतात आणि त्यांची निवड जपून करावी लागते: हवा आत भरभर घेणारा पण बाहेर फार वेगाने सोडणारा व्हॉल्व्ह स्वतःच एक नवा धक्का तयार करतो, कारण शेवटची हवा निघून गेली की पाण्याचे दोन स्तंभ एकमेकांवर आपटतात.

वाहिनीला जलाघाताचा त्रास आहे की नाही, हे साध्या प्रेशर गेजवर कळत नाही. अर्धा सेकंद टिकणारा दाबाचा सुळका त्याचा काटा दाखवू शकत नाही, आणि त्याकडे पाहणारा डोळाही चुकतो. खुणा वेगळ्या असतात. एकाच सांध्यावर वारंवार गळती, थ्रस्ट ब्लॉकला पडलेली तिरकी भेग, एअर व्हॉल्व्हच्या गोळ्याचा खाडकन आवाज, बंद केल्यावर ठराविक अंतराने येणारे ठोके. ठोके मोजण्यासारखे असतात. उणे दाबाची पोकळी झाली नसेल तर आपल्या वाहिनीत दाबाचं एक पूर्ण आवर्तन, म्हणजे लाटेच्या दोन फेऱ्या, ११.२ सेकंदांचं असायला हवं. ते बरंच कमी आलं, तर लाट टेकडीपर्यंत न जाता वाटेतच कुठेतरी परत फिरते आहे: अर्धवट उघडा राहिलेला व्हॉल्व्ह, मोठी शाखा किंवा साठलेली हवा. झुकोव्स्की यांनी याच युक्तीने फुटीची जागा शोधायचा मार्ग सुचवला होता.

नक्की कळण्यासाठी सेकंदाला निदान शंभर वेळा दाब नोंदवणारा लॉगर व्हॉल्व्हच्या वरच्या बाजूला लावतात. नवी वाहिनी सुरू करताना आधी प्रवाह एक चतुर्थांशावर आणून एकदा बंद करून पाहावं, लॉगरवरची चढ सूत्राशी ताडावी, मग अर्ध्या प्रवाहावर, मग पूर्ण. आपल्या वाहिनीत चतुर्थांश प्रवाह एकदम तोडला, तर सुमारे ४१ मीटरचा सुळका यायला हवा. ३० आला तर पाइपमध्ये कुठेतरी हवा अडकलेली आहे, आणि पूर्ण प्रवाहाची चाचणी ती काढल्याशिवाय करू नये.